अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करून बारा दिवस झाले आणि घोटा सुजला, गोळी बंद करायची का?

खासगी_बाजू · सोमवार, रात्री १०:२५

सासऱ्यांबद्दल विचारते आहे. वय ६१, इंदूर, लोकमान्य नगर. दीड महिन्यापूर्वी उजव्या पायाचा अंगठा लालभडक झाला होता, पांघरूण लागलं तरी ओरडायचे. तो अ‍ॅटॅक ओसरल्यावर तपासण्या केल्या. यूरिक अ‍ॅसिड ९.२, क्रिएटिनिन १.७. डॉक्टरांनी गाऊट आहे म्हणून दोन पत्ते दिले (आमच्या इंदुरात स्ट्रिपला पत्ताच म्हणतात): अ‍ॅलोप्युरिनॉल १००, नाश्त्यानंतर एक, आणि कोल्चिसिन ०.५, रात्री जेवून एक.

आज बारावा दिवस. सकाळपासून डावा घोटा सुजलाय, पाय टेकवत नाही. गोळीनेच दुखणं वाढलं असं वाटून आज अ‍ॅलोप्युरिनॉल दिली नाही. शेजारच्या काकांनी सांगितलं की कोल्चिसिन दर दोन तासांनी एक घ्यायची, पोट ढिलं झालं की थांबायचं. सहा, आठ आणि दहा वाजता अशा तीन दिल्या. काल रात्रीची नेहमीची एक होतीच. दुखणं तेवढंच आहे, आणि आता दोनदा जुलाब झालेत. बारा वाजता चौथी द्यायची का? आणि अ‍ॅलोप्युरिनॉल कायमची सोडायची का?

मुळ्ये_काका · १०:३३

शेजाऱ्यांनी बरोबर सांगितलं आहे. कोल्चिसिन अशीच घेतात, जुलाब लागले म्हणजे औषध पोचलं. आणि अ‍ॅटॅकमध्ये अ‍ॅलोप्युरिनॉल घेऊच नये, त्याने भडका वाढतो, हे जुन्या डॉक्टरांचं ठाम मत. पाणी भरपूर पाजा. डाळ आणि टोमॅटो बंद.

दवाबाजार_काउंटर · १०:३६

चौथी देऊ नका. बाकीचं नंतर. आधी हे सांगा: गेल्या आठवड्यात दुसरं कुठलं औषध सुरू झालं का? खोकला, घसा, दात, बुरशी, कशासाठीही. रोजच्या गोळ्या कोणत्या? पत्त्यांवर छापलेली नावं जशीच्या तशी लिहा, रंग-आकार नको.

खासगी_बाजू · १०:४४

रोजच्या: टेल्मिसार्टन-एच सकाळी, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० रात्री. आणि हो, घसा धरला होता म्हणून शुक्रवारी गल्लीतल्या दवाखान्यातून गोळ्या आणल्या. क्लॅरिथ्रोमायसिन ५००, सकाळ-संध्याकाळ. आज चौथा दिवस.

दवाबाजार_काउंटर · १०:४७

ताई, आत्ताच्या आत्ता तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. उचलला नाही तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा. सकाळची वाट पाहू नका. सगळे पत्ते सोबत न्या, रिकामे झालेलेही. तिथे एवढंच सांगा: "किडनी कमजोर आहे, कोल्चिसिन चोवीस तासांत चार गोळ्या म्हणजे २ एमजी पोटात गेली आहे, सोबत क्लॅरिथ्रोमायसिन चालू आहे, जुलाब सुरू झालेत." हीच तीन-चार वाक्यं, याच क्रमाने. नुसतं "पाय सुजलाय" म्हणालात तर पेनकिलरचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील, आणि या किडनीला तेही नको.

क्लॅरिथ्रोमायसिनची रात्रीची गोळी राहिली असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नका. जुलाब थांबवायची गोळीही स्वतःहून देऊ नका.

फिजिशियन_एबी_रोड · १०:५५

काउंटरवाल्या दादांशी पूर्ण सहमत. घाबरवायला लिहीत नाही, पण नेमका धोका कळायला हवा. कोल्चिसिन शरीराबाहेर जायला दोन वाटा आहेत, यकृत आणि किडनी. क्लॅरिथ्रोमायसिन यकृताकडची वाट अडवतं, शिवाय आतड्यातून औषध परत बाहेर ढकलणारी यंत्रणाही बंद पाडतं. सासऱ्यांच्या वयाला क्रिएटिनिन १.७ म्हणजे ईजीएफआर ४५ च्या आसपास, म्हणजे दुसरी वाटही अर्धी बुजलेली. अशा माणसाला ही दोन औषधं एकत्र देऊच नयेत, असं कोल्चिसिनच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. रोजची एक गोळीही अशा वेळी अंगात साठत जाते. त्यावर आज तीन पडल्या.

जुलाब ही पहिली पायरी. पोट शांत झालं म्हणून संपलं असं धरू नका. जास्त झालेलं कोल्चिसिन दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रक्तपेशी, स्नायू, किडनी यांच्यावर उतरतं. त्याच्यावर सहज मिळणारा उतारा नाही, डायलिसिसनेही ते निघत नाही. म्हणून लवकर जाणं आणि नजरेखाली राहणं हाच उपाय. निघालात की कळवा.

खासगी_बाजू · ११:०२

निघतोय. गाडी काढली.

मुळ्ये_काका · ११:१०

अहो, पण आम्ही ऐकत आलो ते सगळंच चूक का? वडिलांना असंच द्यायचे. ते ८३ वर्षं जगले.

फिजिशियन_एबी_रोड · ११:२४

काका, तुमचं ऐकलेलं खोटं नाही, जुनं झालं आहे. पूर्वी पुस्तकांतही "दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत" असंच होतं. २०१० मध्ये त्याची नीट चाचणी झाली. एका गटाला तासाभरात एकूण १.८ एमजी, दुसऱ्याला सहा तासांत ४.८ एमजी. आराम दोन्हीकडे सारखाच पडला, पण जुलाब थोड्या डोसवाल्यांत २३ टक्क्यांना आणि जास्त डोसवाल्यांत ७७ टक्क्यांना. म्हणजे जुलाब लागणं ही औषध "पोचल्याची" खूण नाही, ते जास्त झाल्याची खूण आहे.

अमेरिकेत गोळी ०.६ ची असते, आपल्याकडे ०.५ ची. म्हणून आपल्याकडचा हिशोब असा बसतो: अ‍ॅटॅक जाणवताच दोन गोळ्या एकदम, तासाने एक, आणि थांबायचं. एकूण तीन. तेही पहिल्या बारा तासांत घेतलं तर गुण येतो. दीड दिवस उलटल्यावर त्यात फारसा दम राहत नाही. आणि हा हिशोब किडनी धड असलेल्या, अडथळा आणणारं दुसरं औषध चालू नसलेल्या माणसाचा. ईजीएफआर ४५ वाल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नये.

दवाबाजार_काउंटर · ११:३५

काउंटरवरून यात एक भर. कोल्चिसिनचा एकच पत्ता दोन वेगवेगळ्या कामांना दिला जातो आणि घोळ तिथेच होतो. एक काम "राखण": अ‍ॅलोप्युरिनॉल नवीन असताना भडका उठू नये म्हणून रोज एक. दुसरं काम "विझवणं": भडका उठलाच तर दोन अधिक एक. चिठ्ठीवर फक्त "रात्री एक" लिहिलेलं असतं. भडका उठला की माणूस त्याच पत्त्यातून अंदाजाने काढत जातो. पत्ता देताना मी मागच्या बाजूला बॉलपेनने लिहून देतो, "रोज १, विचारल्याशिवाय २ नाही". गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

गोळीही फसवी आहे. इतकीशी, जिऱ्याच्या गोळीएवढी. पॅरासिटामॉलची मोठी गोळी दिवसाला चार चालतात तर ही का नाही, असं कुणालाही वाटेल.

निवांत_राजवाडा · मंगळवार, सकाळी ७:५०

वाचून धसका घेतला. माझं यूरिक अ‍ॅसिड ७.८ आलंय, कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये. मला अ‍ॅलोप्युरिनॉल १०० ने सुरू करावं की ३०० ने? टाच दुखते सकाळी उठल्यावर.

लॅब_नाथमंदिर · ८:१५

भाऊ, प्रश्न वेगळा आहे तुमचा. सकाळी उठल्यावर टाच दुखणं आणि दहा पावलं चालल्यावर कमी होणं हे बहुतेक वेळा तळपायाच्या पट्ट्याचं दुखणं असतं, गाऊटचं नव्हे. सांध्याचा अ‍ॅटॅक कधी आलाच नसेल, मुतखडा नसेल, तर नुसत्या ७.८ या आकड्यासाठी सहसा गोळी देत नाहीत. आमच्याकडे रोज असे रिपोर्ट निघतात, आकड्याखाली लाल रेघ बघून लोक परस्पर पत्ता घेतात.

उलटंही होतं, तेही सांगतो. ऐन अ‍ॅटॅकमध्ये रक्त काढलं तर आकडा साफ नॉर्मल येऊ शकतो. मग "गाऊट नाहीच" असं ठरतं. अ‍ॅटॅक ओसरून दोन आठवडे झाल्यावर पुन्हा तपासायचं, तो आकडा खरा.

निवांत_राजवाडा · ८:२०

बरं. म्हणजे पोहे-जिलबी चालू ठेवू?

लॅब_नाथमंदिर · ८:२२

पोहे चालू ठेवा. जिलबीचं तुमच्या शुगरला विचारा.

खासगी_बाजू · १२:४०

रात्री भरती करून घेतलं. सलाईन लावलं. रक्तपेशींचे आकडे व्यवस्थित आले, क्रिएटिनिन १.९ झालंय. डॉक्टर म्हणाले जुलाबामुळे पाणी कमी झालं असेल. क्लॅरिथ्रोमायसिन आणि कोल्चिसिन दोन्ही बंद. रक्ताची तीच तपासणी परवा आणि पुन्हा दोन-तीन दिवसांनी करायची आहे. घोट्यासाठी प्रेडनिसोलोन ३० एमजी, सकाळी खाऊन, पाच दिवस. जुलाब आता थांबलेत. तुम्ही दोघांनी रात्री लिहिलं नसतं तर मी बाराला चौथी दिली असती, हे खरं.

आता डोकं जागेवर आलंय म्हणून मूळ प्रश्न पुन्हा विचारते. अ‍ॅलोप्युरिनॉल चालू ठेवायला सांगितलंय, पण आठवडाभर अर्धी. ज्या गोळीने दुखणं उठलं तीच परत का?

फिजिशियन_एबी_रोड · १:३०

वेळेत पोचलात, चांगलं झालं. दोन तपासण्या राहिल्यात त्या चुकवू नका.

आता "त्या गोळीने दुखणं उठलं" याबद्दल. उठलं असेल, शक्य आहे. पण त्याचा अर्थ गोळी चुकीची असा नाही. बोअरिंगच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर क्षाराचा थर धरतो, तो पाहिलाय ना? वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला असतो. त्यावर अ‍ॅसिड ओतलं की थर एकदम नाहीसा होत नाही. आधी सैल होतो, त्याच्या खपल्या सुटतात आणि दोन दिवस नळातून चुरा येतो. सांध्यात यूरिक अ‍ॅसिडचे खडे असेच बसलेले असतात. अ‍ॅलोप्युरिनॉलने रक्तातलं प्रमाण उतरलं की हे थर विरघळायला लागतात, बारीक कण सुटून सांध्याच्या पाण्यात येतात, शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. तोच भडका. म्हणजे सुरुवातीचा भडका बऱ्याचदा औषध काम करत असल्याचाच असतो.

यातून दोन गोष्टी निघतात. प्रमाण जितकं झपाट्याने उतरेल तितक्या खपल्या जास्त, म्हणून डोस थोड्याने सुरू करून हळूहळू चढवायचा. आणि पहिले तीन ते सहा महिने खपल्या सुटतच राहणार, म्हणून तेवढा काळ राखणीला कोल्चिसिन किंवा दुसरं काही द्यायचं.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे चालू-बंद, चालू-बंद. भडका आला की गोळी बंद, थर पुन्हा धरतो. दुखणं गेलं की गोळी सुरू, पुन्हा खपल्या. दर वेळी नव्याने सुरुवातीचा त्रास, आणि मग "अ‍ॅलोप्युरिनॉल मला मानवत नाही" हे पक्कं होतं. जी आधीपासून चालू आहे ती भडक्यातही चालूच ठेवायची.

मुळ्ये_काका · २:०५

मग "अ‍ॅटॅकमध्ये अ‍ॅलोप्युरिनॉल नको" हे कुठून आलं? माझ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलेलं आहे.

फिजिशियन_एबी_रोड · २:४०

काका, तो नियम "नव्याने सुरू करू नका" असा होता. ऐकणाऱ्यांनी त्याचा "चालू असेल तर बंद करा" असा केला. या दोन वाक्यांत केवढा फरक आहे.

आणि नव्याने सुरू करण्याबद्दलही आता एकमत नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये म्हटलं की भडका विझवायचं औषध सोबत असेल तर त्यातच सुरू केलं तरी हरकत नाही. वाट पाहा म्हटलं की पेशंट परत येतच नाही. मी स्वतः बहुतेकांना दोन आठवडे थांबवते, कारण दुखण्याने बेजार माणसाला पाच सूचना दिल्या तर तो तीन विसरतो. माझे सहकारी लगेच सुरू करतात. दोघांचे पेशंट बरे होतात.

धार_रोड_फटफटी · ४:१५

मला डॉक्टरांनी थेट ३०० लावली होती. पहिल्या दिवसापासून. काही झालं नाही, आकडा महिन्यात ५.५. हे १००, अर्धी, पाव वगैरे म्हणजे उगाच लांबण वाटते.

दवाबाजार_काउंटर · ५:००

तुम्हाला झालं नाही कारण बहुतेकांना होत नाही. पण ज्या थोड्यांना होतं त्यांचं काय होतं, ते बघा. अ‍ॅलोप्युरिनॉलची एक दुर्मीळ पण जिवावरची अ‍ॅलर्जी आहे. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड, डोळे लाल, मग यकृत-किडनीवर सूज. ती बहुतेक पहिल्या दोन महिन्यांतच येते, आणि किडनीच्या मानाने पहिला डोस मोठा असेल तर तिची शक्यता वाढते. म्हणून सुरुवात १०० ने, आणि किडनी कमजोर असेल तर ५० ने. पुढे हळूहळू ३०० वर, गरज पडली तर त्याच्याही वर जाणं ही गोष्ट वेगळी.

खासगी_बाजू ताई, हे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. सांधा दुखला तर अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करायची नाही. पण अंगावर पुरळ उठलं, अगदी घामोळ्यासारखं वाटलं तरी, पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. लोक नेमकं उलटं करतात. दुखलं की गोळी बंद, आणि खाज आली की सेट्रिझिन खाऊन गोळी चालू.

धार_रोड_फटफटी · ५:२०

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बरं.

मेथी_आणि_मोहरी · ९:३०

एक विचारू? माझ्या सासूबाई सियागंजातून सुरंजान आणतात, पूड करून कोमट पाण्यासोबत, सांधेदुखीवर. सोबत डॉक्टरांची कोल्चिसिन चालू आहे. जडीबुटी आहे, चालतं ना?

दवाबाजार_काउंटर · ९:५०

नाही चालत. सुरंजान म्हणजे कोल्चिकम जातीच्या झाडाचा कंद. कोल्चिसिन हे नावच तिथून आलंय. म्हणजे सासूबाई तेच औषध दोन ठिकाणांहून घेतायत. एक ०.५ एमजी असं मोजून, दुसरं चमच्याने. पुडीत किती आहे ते पूड विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आपल्या कळलावीच्या कंदातही हेच असतं, म्हणून तिची विषबाधा झालेल्यांनाही आधी उलट्या-जुलाबच होतात. पूड आजपासून बंद, आणि डॉक्टरांना सांगा की ती चालू होती.

मेथी_आणि_मोहरी · ९:५५

आई गं. डबा लपवते.

फिजिशियन_एबी_रोड · १०:१०

लपवू नका, सांगून टाका. लपवलेला डबा सापडतो.

खासगी_बाजू · पाच आठवड्यांनंतर, रविवार

कळवायचं राहिलं होतं. रक्तपेशी दोन्ही वेळा नॉर्मल. क्रिएटिनिन १.६ वर आलं. घोटा चौथ्या दिवशी बसला. अर्धी गोळी आठवडाभर, मग पुन्हा १००, तीच आजपर्यंत. पुरळ वगैरे काही नाही. बीपीच्या टेल्मिसार्टन-एच मधला "एच" काढून साधी टेल्मिसार्टन दिली. डॉक्टर म्हणाले त्या "एच"नेही यूरिक अ‍ॅसिड चढतं. क्लॅरिथ्रोमायसिन बंद होऊन १४ दिवस उलटल्यावर कोल्चिसिन रोज एक पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात प्रेडनिसोलोन अगदी थोडी होती.

परवाचं यूरिक अ‍ॅसिड ७.४. आता १५० करायला सांगितलंय, आणि महिन्याने पुन्हा तपासायचं. सहाच्या खाली आणायचं म्हणाले. दोन शंका आहेत. १५० चा पत्ता केमिस्टकडे मिळत नाही. आणि किडनी अशी असताना डोस कुठपर्यंत नेणार? शेजारच्या काकांचं म्हणणं, किडनीवाल्याने २०० च्या वर जायचंच नाही.

दवाबाजार_काउंटर · रविवार संध्याकाळ

१०० ची एक आणि अर्धी. पत्त्यातून गोळी काढून बघा, मधोमध रेघ असेल तर दोन्ही अंगठ्यांनी दाबली की सरळ तुटते. रेघ नसेल तर गोळी कापायचं छोटं प्लास्टिकचं यंत्र मिळतं, सुरीने कापू नका, एक तुकडा टिपॉयखाली जातो आणि मग "घेतली होती की नाही" याचा वाद. उरलेला अर्धा डबीत ठेवा, दुसऱ्या दिवशी तोच आधी वापरा.

३०० ची घेऊन अर्धी करा असं कुणी स्वस्त पडते म्हणून सुचवेल. हिशोबाने बरोबर आहे, पण घरात मग १०० आणि ३०० असे एकाच कंपनीचे, एकसारखे दिसणारे दोन पत्ते होतात, आणि एखाद्या सकाळी चष्मा न लावता अख्खी ३०० जाते. तुमच्या घरात तरी नको.

पत्ता सुटा कापून घेत असाल तर ज्या टोकाला नाव, ताकद आणि एक्सपायरी छापली आहे ते टोक तुमच्याकडे राहील असं सांगा. गोळ्या दुसऱ्या टोकाकडून संपवायच्या. कोल्चिसिन पत्त्यातून काढून डबीत भरून ठेवू नका, उजेडाने खराब होते.

फिजिशियन_एबी_रोड · रविवार रात्री

२०० ची ती मर्यादा बरीच वर्षं पाळली गेली, मीही पाळायचे. किडनीच्या आकड्यावरून डोस ठरवायचा आणि तिथेच थांबायचं. त्याने झालं असं की असे पेशंट सात-साडेसातवरच अडकून राहिले आणि भडके चालूच राहिले. आता बरेच जण म्हणतात की किडनीकडे बघून *सुरुवात* कमी करा, पण चढवताना यूरिक अ‍ॅसिडच्या आकड्याकडे बघा. दर वेळी क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी करत थोडं थोडं वर जा. काही किडनीतज्ज्ञांना हे अजून पटत नाही, आणि त्यांची भीती अगदीच निराधार म्हणवत नाही. तुमच्या डॉक्टरांनी १०० वरून एकदम २०० न करता १५० केलं, त्यावरून ते सावकाश पण वर जाणाऱ्यांपैकी दिसतात. त्यांनाच विचारा की १५० ला सहाच्या खाली आलं नाही तर पुढचा बेत काय.

एक नजर ठेवा. कोल्चिसिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन दोन्ही चालू आहेत, किडनी थोडी कमी आहे. क्वचित या जोडीने मांड्या-दंडांचे स्नायू ढिले पडतात. दुखतीलच असं नाही. जेवून पाटावरून उठताना आधी हात टेकावा लागत नव्हता आणि आता लागतो, जिना चढताना कठडा धरावा लागतो, असं दिसलं तर डॉक्टरांना सांगून सीपीके तपासा.

मुळ्ये_काका · रविवार रात्री

म्हणजे डाळीचं काय ठरलं? मी पाच आठवडे तूरडाळ सोडली आहे.

लॅब_नाथमंदिर · रविवार रात्री

काका, तुम्हाला गाऊट आहे का?

मुळ्ये_काका · रविवार रात्री

नाही. पण धागा वाचून सोडली.

फिजिशियन_एबी_रोड · रविवार रात्री

खा काका. डाळ-बाफले खा. गाऊट असलेल्यांनाही मी डाळ तोडत नाही, बिअर, गोड शीतपेयं आणि कलेजी तोडते.

खासगी_बाजू · सोमवार सकाळ

रेघ आहे गोळीवर, सरळ तुटली. सगळ्या पत्त्यांची नावं एका कागदावर लिहून तो फ्रिजला लावलाय. परवा सासरे दाताच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत, तो कागद सोबत देते आहे. तिथे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कुठलं चालेल ते आधीच सांगता येईल का?

दवाबाजार_काउंटर · सोमवार सकाळ

कुठलं द्यायचं ते दाताचे डॉक्टर ठरवतील, कागद दाखवा आणि "कोल्चिसिन चालू आहे" हे तोंडानेही सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन नको. अझिथ्रोमायसिनचा तसा अडथळा जवळपास होत नाही. दातासाठी बहुतेक अमॉक्सिसिलिन लिहितात. त्याचं कोल्चिसिनशी भांडण नाही, पण अ‍ॅलोप्युरिनॉलसोबत त्याने पुरळ उठायचं प्रमाण थोडं वाढतं. आणि पुरळ उठलं की ते कुठल्या गोळीचं हे कुणालाच सांगता येत नाही, मग दोन्ही बंद करावी लागतात. म्हणून अमॉक्सिसिलिन लिहिलंच तर आधी तुमच्या फिजिशियनला एक फोन करा. दात काढल्यावर दुखण्याला पॅरासिटामॉल मागा, डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन त्यांच्या किडनीला नकोत.